‘तेरा ख़ून लेंगे’

क्रांती चौकाजवळच्या आमच्या जाहिरात एजन्सीत हिंदी विभाग होता. विभाग म्हणजे मी, एक खुर्ची आणि तिचे साडेतीन पाय. एक दिवस साहेबांनी जाहीर केलं, "रक्ततपासणीची लॅब हातची गेली, तर हिंदी विभाग बंद."

लॅबला पेशंटांच्या मोबाइलवर हिंदी निरोप पाठवायचे होते. मी तीन कागद केले: तू, तुम, आप. साहेब मुंबईहून ब्रँडिंगचं दोन दिवसांचं शिबिर करून आलेले, त्यामुळं त्यांचं ज्ञान उतू चाललेलं. त्यांनी ‘तू’ उचलला.

"ब्रँड मित्र असतो रे! आपण आईला, देवाला तूच म्हणतो ना?"

"सर, लॅब ना आई, ना देव. अनोळखी माणसाला हिंदीत तू म्हटलं की तो आधी बाह्या सरसावतो. तुम बरोबरीच्यांना, कॉलेजच्या पोरांना चालतं. जिथं सुई टोचायची, तिथं आपच लागतं."

"लई जुनाट आहेस तू," साहेब म्हणाले. त्या ‘तू’त आई नव्हती, देव तर नव्हताच.

कागद घेऊन आम्ही लॅबवर गेलो. लॅबचे डॉक्टर हुशार. त्यांनी बाहेर बसलेल्या, अजिंठ्याहून आलेल्या एका चाचांना आत बोलावलं. "निरोप यांच्यासाठी आहे, यांनाच ऐकवा."

साहेबांनी छाती फुगवून वाचलं, "कल सुबह ख़ाली पेट आ. तेरा ख़ून लेंगे."

खोलीतला पंखासुद्धा थांबला, शप्पथ! चाचा उठले, चप्पल शोधू लागले. "मियाँ, मैंने तुम्हारा क्या बिगाड़ा है?"

डॉक्टरांनी फाइल मिटली. मला माझी खुर्ची उरलेल्या पायांनी जिना उतरताना दिसली. मी घाईघाईनं ‘आप’चा कागद काढला. मजकूर तोच, फक्त अदब वेगळी.

"चाचा, कल सुबह ख़ाली पेट आइए. आपका ख़ून लेंगे."

चाचा परत बसले. बाही वर केली.

"इतनी इज़्ज़त से माँग रहे हो, तो दो बोतल ले लो!"

डॉक्टर इतके हसले की त्यांचाच रक्तदाब मोजावा लागला. काम आम्हाला मिळालं. पेशंटांना आप; जिमच्या पोरांसाठी जे तपासणी पॅकेज होतं, त्याच्या पोस्टरवर तुम.

खाली उतरताना साहेबांनी खांद्यावर हात टाकला. "बघितलंस? मुद्दाम ‘तू’ वाचला मी. त्याशिवाय तुझा ‘आप’ उठून दिसला असता का?"

"व्हय सर," मी म्हणालो. एवढी दूरदृष्टी मी आजवर गिधाडांतच पाहिली होती.

"आणि तो ‘तू’चा कागद फेकू नकोस. चौकातल्या बूटवाल्याला ‘दौड़, तू दौड़’ देऊ."

आयुष्यात पहिल्यांदा साहेबांचा ‘तू’ योग्य जागी बसला होता. धावणारा माणूस स्वतःशी तूच म्हणतो. मी ते कबूल केलं आणि लगेच, माणूस नरम आहे तोवर, खुर्चीच्या चौथ्या पायाचा विषय काढला.