यंत्रकामापुढचं शून्य

महाळुंग्याच्या शाळेत विजयश्री बाईंना पोरं मागून ‘कलवाल्या बाई’ म्हणतात. मूळच्या त्या भूगोलाच्या, तळेगावहून रोज स्कूटीवर येणाऱ्या. आठ वर्षांपूर्वी शाळेने त्यांना समुपदेशनाचा कोर्स करायला पाठवलं. तेव्हापासून दहावीचा निकाल लागला की ग्रंथालयाच्या कोपऱ्यात बसून त्या एकेका पोराला विचारतात, "बाळा, तुला स्वतःला काय वाटतं?" आता हा प्रश्न आपल्याकडे पोरांना विचारतो कोण? शेजारी टक्के विचारतात आणि बाप सायन्स घे म्हणतो. त्यामुळे निम्मी पोरं नुसती बाईंच्या तोंडाकडे बघत बसतात.

बाईंचा एक नियम होता. पोराला काय जमतं ते कलचाचणीच्या एका भागात कळतं, काय आवडतं ते दुसऱ्यात. दोन्ही कागद शेजारी ठेवायचे आणि जमतंय पण आवडत नाही असं निघालं, तर आवडीला मान द्यायचा. या नियमाचा बाईंना जरा अभिमानही होता, कशाला खोटं बोला.

यंदा मिनलचे कागद समोर आले आणि बाईंनी चष्मा काढून पुसला. दातेरी चाकं, कप्प्या, तरफा यांची कोडी होती, त्यात चाळीसपैकी अडतीस. एवढे गुण त्यांनी आजवर पाहिले नव्हते. आणि आवडीच्या कागदावर यंत्रकामापुढे शून्य. सायकलची चेन बसवायला आवडेल का? अजिबात नाही. बाराच्या बारा प्रश्नांना तेच उत्तर. कमी आवड बाईंनी ढिगाने पाहिली होती, शून्य कधीच नाही. तरी नियम तो नियम. त्यांनी पेन्सिलीने लिहिलं, कला शाखा, आणि मिनलच्या वडिलांना बोलावणं धाडलं.

तिचा बाप समाधान पहिली शिफ्ट सुटल्यावर तिला घेऊन कंपनीच्या शर्टातच आला. उजवा हात खिशात. बाईंनी दोन्ही वाटा समजावून सांगितल्या. "पॉलिटेक्निक केलं तर तीन वर्षांचा डिप्लोमा, पुढं इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. हिला मार्क भरपूर आहेत. अर्जाची मुदत परवा संपतेय. पण हिला मशीनची आवडच नाही, म्हणून मी जोर करणार नाही."

"बराबर हाय मॅडम," समाधान घाईने म्हणाला. "आर्ट्सच घेऊ द्या."

विषय तिथेच मिटायचा. पण ते शून्य बाईंना टोचत होतं. "इतका तिटकारा कशाचा गं, मिनल?"

मिनलने वडिलांच्या खिशाकडे पाहिलं. समाधानने हात बाहेर काढून टेबलावर ठेवला. अंगठ्याशेजारची दोन बोटं मुळापासून नव्हती.

"मी तिसरीत होते," मिनल म्हणाली. "पत्रा दाबायचं प्रेस मशीन आपोआप खाली आलं. आमच्या घरात मशीनचं नाव काढत नाहीत."

बारा प्रश्नांना पोरीने एकच उत्तर दिलं होतं, आणि आपण शहाण्यासारखी त्याची बेरीज करून ठेवली. भीतीला नावड समजलो. आजवर आणखी किती पोरांचं असं केलं असेल? बाईंनी आपलं काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "पण आपोआप कसं आलं?"

"येऊच शकत नाही," मिनल चटकन म्हणाली. "दोन बटणं असतात. दोन्ही हात बटणांवर असल्याशिवाय ते खाली येत नाही. मी मोबाईलवर शंभरदा बघितलंय. काय बिघडलं होतं, तेच सापडत नाही."

सात वर्षं ही पोर गुपचूप तेच शोधत होती. बाई थक्क होऊन तिच्याकडे बघत राहिल्या. समाधान मात्र मान खाली घालून बसला होता.

"कायबी बिघडलं न्हवतं," तो म्हणाला. "एक बटण मी चिंधीनं दाबून बांधलं होतं. दोन्ही हात गुंतले की नग कमी निघतात. समदेच बांधायचे, सुपरवायजर बघून न बघितल्यावानी करायचा. त्या दिवशी पत्रा वाकडा बसला, म्हून सरळ करायला हात आत घातला, अन् दुसऱ्या हातानं बटण दाबलं गेलं. घरी काय सांगू, स्वतःच्या हातानं बोटं घालवली म्हणून?"

मिनल पांढरीफटक पडली. ओरडेल, उठून जाईल, असं बाईंना वाटलं.

"कुठलं बटण?" तिने विचारलं.

"उजवं."

"म्हणजे उजवा हात मोकळा," ती स्वतःशीच म्हणाली. मग, "सात वर्षं मी उगाच मशीनवर राग धरला."

बाईंनी पेन्सिलीचं ‘कला शाखा’ खोडून टाकलं. त्या जागी दुसरं काही लिहिलं नाही. "आज ठरवू नकोस. उद्या ये. तुला काय वाटतं, तेवढं घेऊन ये."

"पॉलिटेक्निकचा अर्ज परवापर्यंत आहे ना?" मिनलने विचारलं. वडिलांकडे तिने पाहिलं नाही. टेबलावरचा हात आता उचलावा की राहू द्यावा, समाधानला कळेना.