मशीनमागचा नळ

वॉशिंग मशीन दुरुस्त करणाऱ्याने लोकांच्या घरात नाक खुपसू नये, असं माझी बायको म्हणते. पण मशीन असतं घराच्या पोटात. तिथे पोचेपर्यंत सगळं कानावर पडतंच, त्याला मी काय करू?

त्या खालच्या मजल्यावरच्या वहिनींकडे मी तिसऱ्यांदा गेलो तो डोकं तापवूनच. पाणी आत घेणारा व्हॉल्व्ह दोनदा बदलला होता आणि तो परत गळत होता. मशीन बंद असतानाही ड्रममध्ये पाणी झिरपायचं, भरून जमिनीवर यायचं. मी मशीन लावलं. पाणी घेऊन व्हॉल्व्ह मिटला आणि भिंतीतल्या पाइपात धाडकन दणका बसला. आतल्या खोलीत त्यांचे सासरे, आजोबा, दचकून कण्हले.

"पंप कुणी बसवला?" मी विचारलं.

"वरच्या भाऊजींनी," वहिनी हळूच म्हणाल्या. "त्यांच्या शॉवरला जोर नव्हता."

म्हणजे मोठ्या दिरांनी गच्चीवरच्या टाकीच्या पाइपलाच भलामोठा पंप जोडून घेतला होता. वर शॉवर जोरात, आणि खाली आधीच दाब जास्त, त्यात पंपाची भर. मी नळाला दाबाचं मीटर लावलं, तर काटा व्हॉल्व्हला झेपेल त्याच्या पार पुढे. व्हॉल्व्हमधला रबरी पडदा टिकणार कसा? आणि मी येडपट, कारण न शोधता व्हॉल्व्हच बदलत बसलो होतो.

"मी नळ अर्धाच उघडते हो," वहिनी म्हणाल्या. "दणका कमी बसतो."

"दणका कमी बसतो, पण पाणी थांबलं की दाब पुन्हा होता तेवढाच. गळायचं ते गळतंच."

"म्हणून तर मशीन थांबलं की पूर्ण बंद करते. नाहीतर घरभर पाणी."

आता खरी गोम कळली. आजोबा अंथरुणाला खिळलेले, चादरी रोज धुवायच्या. नवरा ट्रकवर, घरी पाहुण्यासारखा. सासूबाई आजोबांना भरवायच्या, औषध द्यायच्या, पण मशीनमागचा नळ फिरवायला त्यांना वाकता येत नव्हतं. म्हणून वहिनी घरात अडकलेल्या. गणवेश शिवायच्या कारखान्यात त्यांना काम मिळालं होतं, सोमवारपासून यायला सांगितलं होतं. हात इतका चांगला की आजोबांच्या उशीच्या खोळीलासुद्धा दुहेरी शिवण. अशा बाईने नळाची राखण करायची. मला संताप आला, खोटं कशाला सांगू.

मी वर गेलो. मोठे दीर टॉवेल खांद्यावर टाकून उभे होते.

"पंपाला हात लावायचा नाही," त्यांनी मला तोंडही उघडू दिलं नाही.

"नाही लावत. फक्त मशीनच्या नळावर दाब कमी करणारा व्हॉल्व्ह बसवतो. तुमच्या शॉवरला काही होणार नाही."

ते टॉवेल घेऊन आंघोळीला गेले.

मी तो बसवला, शेजारी दणका सोसणारा छोटा डबा जोडला, मशीनचा व्हॉल्व्ह नवा टाकला. मशीन लावलं. पाणी आलं, थांबलं, पाइप गप्प. ड्रम रिकामा करून पुसला, नळ उघडाच ठेवून चहा प्यायला बसलो. ड्रम कोरडा. वहिनींनी आत हात घालून पाहिलं, मग पुन्हा पाहिलं. "म्हणजे मी जाऊ शकते?" त्यांनी मला विचारलं, जणू परवानगी मीच द्यायची होती. सासूबाई आतून म्हणाल्या, "जा गं. बटण मी दाबीन." मी खूश होऊन घरी गेलो.

सोमवारी दुपारी त्यांचा फोन. "दादा, जरा येता का?"

मला वाटलं, परत गळलं. गेलो, तर मशीन छान चालू होतं. बाजूला दोन मोठ्या टोपल्या, काठोकाठ भरलेल्या. पुरुषांच्या पँटी, पडदे, सोफ्याची कव्हरं.

"वरचे आहेत," वहिनी म्हणाल्या. "जाऊबाई म्हणाल्या, आता मशीन शहाण्यासारखं चालतंय, तर दोन्ही घरांचं एकत्रच होऊ दे. धुवायचं, वाळत घालायचं, घड्या करून वर पोचवायचं. मी दारातच होते, पिशवी खांद्यावर."

"मग नाही म्हणायचं."

"घर भाऊजींच्या नावावर आहे, दादा."

सासूबाई दारात उभ्या होत्या. हे ऐकून त्या आजोबांकडे आत वळल्या.

"तुम्ही बसवलंय ते काढता येईल?"

"काढलं तर परत गळेल. परत नळाशी अडकाल."

"अडकलेली तशीही आहे," त्या म्हणाल्या. "निदान गळक्या मशीनला वरचे कपडे येणार नाहीत, आपल्याच घरापुरतं धुवेन."

मला दिरांना चार शब्द सुनावायचे होते. पण मी निघून गेल्यावर ते शब्द कुणाला भोगावे लागले असते, हेही मला कळत होतं. मी मशीनमागे वाकलो, नळ बंद केला आणि पाना लावला.