पाच जागांची याचिका

माझी पहिली रिट याचिका मी अशी झकास लिहिली होती, की ती जिंकले असते तर माझीच पक्षकार हरली असती. हे माझ्या लक्षात आलं नाही. लक्षात आलं ते पक्षकाराच्या, आणि ती अठरा वर्षांची होती.

शिवाजीनगर कोर्टाजवळ माझ्या सीनिअरांचं ऑफिस आहे. तिथे मी तेव्हा पाचेक वर्षं काम करत होते; भाडेकरूंचे दावे, चेक परत आल्याच्या तक्रारी, असलंच सगळं. एका दुपारी ही मुलगी आईला घेऊन आली. आई खराडीच्या एका आयटी कंपनीत साफसफाईच्या कामाला. गाव पुण्याच्या कडेचं, वर्षभरापूर्वीच महापालिकेत गेलेलं. मुलीला प्रयोगशाळा तंत्रज्ञाची पदविका करायची होती. शहरातल्या एका सरकारी संस्थेत त्यासाठी ग्रामीण मुलींना पाच जागा राखीव होत्या. नियम असा, की जिथून दहावी केली ती शाळा प्रवेश अर्जाच्या दिवशी ग्रामपंचायतीच्या हद्दीत असली पाहिजे. हिने दहावी केली तेव्हा शाळा ग्रामपंचायतीत होती. ती बारावीला असताना गाव पालिकेत गेलं, आणि अर्जाच्या खिडकीवर तिला सांगण्यात आलं, की तुम्ही आता शहरी झालात.

"शाळा तिथंच हाय, ताई," आई म्हणाली. "पाटी तेवढी बदलली."

त्या शाळेत प्रयोगशाळा नव्हतीच. एक कपाट होतं आणि त्याची किल्ली बदली झालेल्या बाईंबरोबर गेलेली. मुलीने सूक्ष्मदर्शक फक्त पुस्तकातल्या चित्रात पाहिलेला. सर्वसाधारण यादीत तिचा नंबर इतका खाली, की तिथून प्रवेशाची आशाच नको. राखीव पाचातली एक जागा मिळाली तर शिक्षण, नाहीतर आईबरोबर खराडीला, हे दोघींनी मला साध्या शब्दांत सांगितलं.

सीनिअर म्हणाले, हे चौदाव्या कलमाचं प्रकरण आहे, मुंबईला उच्च न्यायालयात जावं लागेल, आणि लिहायचं तुम्ही. मला तर गुदगुल्याच झाल्या. चौदावं कलम म्हणजे कायद्यापुढे सगळे समान. पण समान म्हणजे सगळ्यांना एकच माप असं नाही. सरकारला लोकांचे गट पाडता येतात, मात्र दोन प्रश्नांची उत्तरं द्यावी लागतात. एक, आत कोण आणि बाहेर कोण हे खऱ्या, दाखवता येणाऱ्या फरकावर ठरलंय का? दोन, ज्या हेतूसाठी गट पाडला, त्या हेतूशी त्या फरकाचा काही संबंध आहे का? याला वाजवी वर्गीकरणाची कसोटी म्हणतात. कॉलेजात मी ती पाठ केली होती. वापरायला कधी मिळाली नव्हती.

मी चार दिवस पेटले होते. त्यात मला एक रत्न सापडलं. पुण्याबाहेर डोंगराच्या पायथ्याशी एक महागडी निवासी शाळा होती, घोडेस्वारी आणि पोहण्याचा तलाव असलेली, आणि ती चक्क ग्रामपंचायतीच्या हद्दीत होती! म्हणजे तिथल्या मुली ग्रामीण आणि आमची शहरी. मी यावर दोन पानं लिहिली. तलावाची लांबीसुद्धा घातली. शेवटी निष्कर्ष ठोकला, की ग्रामपंचायतीची हद्द आणि शिक्षणाची गैरसोय यांचा काडीचाही संबंध नाही, सबब मागणी क्रमांक एक, हा नियम घटनाबाह्य ठरवून रद्द करावा.

याचिका इंग्रजीत. पक्षकाराला इंग्रजी येत नसेल तर प्रतिज्ञापत्राखाली एक ओळ असते, की मजकूर तिला मराठीत समजावून सांगितला आहे. बहुतेक ऑफिसांत या ओळीचं काम शिक्क्यावर भागतं. आमच्याकडे सीनिअरांचा हट्ट, की खरोखर समजावून सांगायचं, पानन् पान. मला त्याचा भयंकर कंटाळा यायचा. त्या दिवशी तर नोटरी साडेपाचला उठणार होते आणि पावणेपाच झाले होते. मी भराभर सांगत सुटले. तलावाची दोन पानं मात्र रंगवून सांगितली. आई हसली. मुलगी हसली नाही.

मागण्यांपाशी आल्यावर तिने मला थांबवलं. "नियम रद्द करावा म्हणजे कुठला नियम?"

"जो तुझ्या आड येतोय तो."

"पण पाच जागाबी त्याच नियमात हायत ना?"

मी म्हटलं, हो.

"मग तुम्ही जिंकल्यावर मी बसायचं कशात?"

मी मागण्यांचं पान पुन्हा वाचलं. नियम गेला की पाच जागा सर्वसाधारण यादीत जमा. तिथे ही कुठल्या कुठे. मला आधी तिचाच राग आला, खोटं कशाला बोलू. एवढं मर मर मरून लिहिलेलं, आणि ही कालची पोर त्यात खोट काढतेय. मी तिला तुटकपणे म्हटलं, की कायद्यात असंच लिहितात. तिने पेनचं टोपण शांतपणे लावलं आणि पेन टेबलावर ठेवलं.

सीनिअर आतल्या टेबलावरून सगळं ऐकत होते. बाहेर येऊन त्यांनी मसुदा चाळला आणि मला म्हणाले, "आपण फार छान लिहिलंय. सरकारी वकिलांना विचारा, त्यांच्याकडे नोकरी आहे का." मग तलावाच्या दोन पानांवर तिरकी रेघ मारली. मी कुरकुरले. ते म्हणाले, ग्रामीण हा गटच खोटा आहे असं तुम्ही म्हणताय, आणि आपल्या मुलीचं म्हणणं तर आहे, की गट खरा आहे आणि मी त्यातलीच आहे.

खडकीला घरी आले ती तणतणतच. बाबा दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेले, विदर्भातून इकडे आलेले. त्यांना सगळं सांगितलं. मला वाटलं, पोरीच्या हुशारीला हसतील. ते हसले नाहीत. म्हणाले, तुझी लॉ कॉलेजातली जागा राखीव होती. ती असू नये म्हणून किती लोक किती वर्षं कोर्टात भांडलेत, आणि तू पाच जागा एका ओळीत उडवून मोकळी झालीस? मला जेवण गेलं नाही. मी तर कॉलेजभर त्या जागेवरून टोमणे खाल्ले होते. एवढं खाऊन माझ्याच हातून हे लिहिलं गेलं, याची मला मनापासून लाज वाटली.

नवा मसुदा सहा पानं कमी झाला. म्हणणं एवढंच, की ग्रामीण मुलींचा गट योग्य आहे. सरकारच्याच आदेशात हेतू लिहिलाय, की ग्रामीण शाळांत सोयी कमी असल्याने मुली मागे पडतात. तो हेतू मुलगी शाळेत होती त्या काळाशी जोडलेला आहे, अर्जाच्या दिवसाशी नाही. म्हणून 'प्रवेश अर्जाच्या दिवशी' हे तीन शब्द काढा, आणि नियम तिने दहावी केली त्या दिवसाला धरून वाचा. बाकी नियमाला हात लावू नका. या वेळी मी तिला सावकाश समजावून सांगितलं. तिने चार शंका विचारल्या आणि सही केली.

पहिल्याच तारखेला न्यायालयाने एक जागा निकालापर्यंत रिकामी ठेवायला सांगितलं. अंतिम सुनावणीला सीनिअर मुद्दाम मागच्या बाकावर बसले आणि मला उभं केलं. सरकारी वकील चांगले तयारीचे होते. ते म्हणाले, रेघ कुठेतरी मारावीच लागते आणि कुठेही मारली तरी कोणीतरी बाहेर राहतंच. अर्जाच्या दिवसाची हद्द कारकुनाला तपासायला सोपी. आणि हे शब्द नियमातून सुटे करता येत नाहीत. न्यायालयाला ते चुकीचे वाटत असतील तर सबंध नियमच जाईल, पाच जागा गुणवत्तेवर भरू.

मी म्हटलं, सोय हा त्या आदेशाचा हेतू नाही. आणि दहावीच्या प्रमाणपत्रावर तारीख असतेच, तीही कारकुनाला वाचता येते. न्यायमूर्ती किंचित हसले. मग त्यांनी मला विचारलं, की ग्रामपंचायत हद्दीत श्रीमंत शाळाही असतील. त्यांच्या मुली आत येतात, तर हा गट तरी वाजवी कसा?

माझाच तलाव माझ्यासमोर! मागे सीनिअर खोकले. मी म्हटलं, गट अगदी तंतोतंत असावा अशी घटनेची अट नाही. चार नको असलेल्या आत आल्या तर सरकार उत्पन्नाची अट घालून त्यांना वगळू शकतं. म्हणून बाकीच्या गरजू मुलींचा दरवाजा बंद करायचं कारण नाही. माझी तक्रार गटाबद्दल नाहीच, दिवसाबद्दल आहे. आपलीच दोन पानं खोडताना मला इतकी मजा येईल असं वाटलं नव्हतं.

निकाल त्याच दुपारी सांगितला. त्या तीन शब्दांचा नियमाच्या हेतूशी संबंध नाही. ते शब्द तेवढे रद्द. नियम दहावीच्या दिवसाला धरून वाचायचा. संस्थेने राखीव यादीत हिचा विचार आठवड्यात करायचा. राखीव यादीत तिचा नंबर दुसरा निघाला. तिसऱ्या दिवशी तिला प्रवेश मिळाला. आईने ऑफिसात पेढे आणले, तेही सुट्टी टाकून, आणि मुलगी म्हणाली, की तिच्या वर्गातली अजून एक जण पुढच्या वर्षी अर्ज करणार आहे, आता तिलाही चालेल ना? मी म्हटलं, चालेल.

पण मला आठवतो तो निकालाचा दिवस. कोर्टाबाहेर फुटपाथवर उभी राहून मी बाबांना फोन लावला. जिंकलो, असं ओरडलेसुद्धा.  मग त्यांनी विचारलं, "आणि जागा?"

"पाचच्या पाच आहेत, बाबा."

त्यांनी फोन आईकडे दिला, आणि आई म्हणाली, की अगं, हे रडतायत.