पाण्यावरचा अर्धा सूर्य

प्राथमिक शाळेत मी चौतीस वर्षं शिकवलं. निरोपसमारंभात माझ्याबद्दल बरंच चांगलं बोललं गेलं, त्यात चित्रांच्या प्रश्नपत्रिकांचा उल्लेख तीन जणांनी केला. मी मान खाली घालून ऐकत होतो. लोकांना तो विनय वाटला. आता वय झालं आहे, तेव्हा त्या प्रश्नपत्रिकांपैकी पहिलीबद्दल जे खरं आहे ते लिहून ठेवतो.

ऐंशीच्या दशकातली सुरुवातीची वर्षं. अंधेरी पश्चिमेला आमची अनुदानित मराठी शाळा होती. तिथे पहिलीत प्रवेशासाठी तेव्हा झुंबड असे. जागा थोड्या, मुलं दुप्पट. तोपर्यंत मुलाला समोर उभं करून कविता म्हणायला लावायची, आकडे विचारायचे, असा प्रकार होता. त्यात लाजरी मुलं मागे पडत. मी मुख्याध्यापकांना म्हटलं की पाच-सहा वर्षांच्या मुलाला वाक्य वाचता येत नाही, पण चित्र वाचता येतं. आपण चित्रांची प्रश्नपत्रिका काढू. माझी चित्रकला बरी होती आणि ती कुणीतरी पाहावी अशी इच्छाही होती. ते हो म्हणाले.

मी खरंच मेहनत घेतली. मुलांना प्रश्नांचे क्रमांक कळणार नाहीत, म्हणून प्रत्येक प्रश्नाच्या डोक्यावर एक खूण काढली. छत्री, चेंडू, मांजर. सूचना छापायच्याच नाहीत. शिक्षकाने दोनदा सावकाश वाचायच्या. "छत्रीवर बोट ठेवा. ठेवलं? आता छत्रीच्या ओळीत जे वेगळं आहे, त्याला गोल करा." एका ओळीत चारापेक्षा जास्त चित्रं नाहीत. आकडे लिहिता येत नसतील तर टिंबं द्यायची: आधी घडलं त्याखाली एक टिंब, नंतरचं दोन, शेवटचं तीन. प्रती काढायच्या मेणाच्या स्टेन्सिलवर लोखंडी टोच्याने चित्र कोरायचं म्हणजे फक्त बाह्यरेषा, छाया दिली की कागद फाटतो. चार स्टेन्सिल वाया घालवून पाचवी जमली.

शेवटचा प्रश्न, मांजराच्या खुणेचा, मला सगळ्यात आवडता होता. तीन चित्रं, क्रम लावायचा. एकात पाण्याच्या कडेवर अर्धा सूर्य, किरणांसकट, आणि पाण्यात होडी. एकात सूर्य डोक्यावर आणि होडीतला माणूस जाळं टाकतोय. एकात चंद्र, चांदण्या आणि घरात ताटावर बसलेला तोच माणूस. सकाळ, दुपार, रात्र. तीन टिंबं, तीन गुण.

प्रश्नपत्रिका आधी मुलांवर करून पाहावी, हे मला ठाऊक होतं. मी पार्ल्याला राहत होतो. आमच्या चाळीतल्या सहा मुलांना ओट्यावर बसवलं आणि सोडवून घेतली. सहाही जणांनी अर्ध्या सूर्याखाली एक टिंब दिलं. पत्रिका पक्की झाली असं मी समजलो.

परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी तपासणीसाठी आलेल्या अधिकाऱ्यांनी ती पाहिली. त्यांनी ती खिडकीपाशी नेऊन निरखली, आणि अशीच इतर शाळांना देता येईल, प्रशिक्षणात तुम्हीच समजावून सांगा, असं मला म्हणाले. शिक्षकांच्या खोलीतल्या ज्येष्ठ बाईंनी टोमणा मारला, "मास्तर, आता सूर्याला नाकडोळे काढा, म्हणजे बढतीच." मी हसलो, पण बढतीचा विचार माझ्या मनात येऊन गेलेला होता.

गुणांची यादी केली तेव्हा सीमेवर चार मुलं राहिली आणि जागा दोन. त्यांना पालकांसह तोंडी प्रश्नांसाठी बोलावलं. ते काम माझ्याकडे होतं. तिसरी एक मुलगी होती, वर्सोव्याच्या कोळीवाड्यातली. त्या वर्षी कोळीवाड्यातून ती एकटीच परीक्षेला बसली होती. वेगळं ओळखा, जोड्या लावा, सगळं बरोबर. मांजराच्या ओळीत तिने जाळ्याच्या चित्राखाली एक टिंब दिलं होतं, अर्ध्या सूर्याखाली दोन, चंद्राखाली तीन. दोन गुण गेले. एका गुणाने ती मागे होती.

तिची आई मासे विकून तशीच आली होती. माशांची पाटी बाहेर व्हरांड्यात ठेवून आत आली आणि खुर्ची असताना उभीच राहिली. वास आला. मी खिडकी उघडली. हे लिहिणं भाग आहे, कारण खिडकी उघडताना मी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं होतं आणि तिने ते पाहिलं होतं.

मी मुलीपुढे तिची पत्रिका ठेवली आणि अर्ध्या सूर्यावर बोट ठेवून विचारलं, हे कधीचं चित्र?

"सांजचं."

कशावरून, म्हणून विचारलं. तिला माझा प्रश्नच विचित्र वाटला असावा. आईकडे एकदा पाहून ती म्हणाली, "सूर्य तिथंच जातो ना. दर्यान."

"मग सकाळी कुठे असतो?"

"सकाळी आमच्या पाठी. तुमच्या शालेच्या बाजूला."

तिने हातानेही दाखवलं. पूर्वेकडे, बरोबर.

मी चित्राकडे पाहिलं. आयुष्यभर मुंबईत राहिलेला माणूस मी. जुहूच्या वाळूवर असंख्य संध्याकाळी काढल्या. समुद्रावर सूर्य उगवताना मी एकदाही पाहिला नव्हता, कारण आमच्या या किनाऱ्यावर तो समुद्रावर उगवतच नाही. पण कॅलेंडरं आणि रंगवायची पुस्तकं पाहून हात वळला होता तसाच मी तो काढला. माझ्या चाळीतल्या मुलांनीही तीच पुस्तकं पाहिली होती. या मुलीने समुद्र पाहिला होता. दुपारी जाळं, सांजेला होडी परत, रात्री जेवण. तिच्या क्रमात एकही चूक नव्हती. चूक माझ्या चित्रात होती: एका चित्राचा एकच अर्थ निघाला पाहिजे, आणि माझ्या चित्राचे दोन निघत होते. त्यातला खरा तिने निवडला होता.

आई वाकली, चित्र पाहिलं आणि भीत भीत म्हणाली, "मास्तर, सांजच हाय ना ही? मना पन तसंच दिसतंय."

इथे मी फक्त हो म्हणायला हवं होतं. मी म्हणालो, "बाई, परीक्षेत पुस्तकात असतं तसं ओळखावं लागतं. तिला अजून क्रम कळत नाही. शाळेत हे फार महत्त्वाचं असतं."

तिने माझ्याशी वाद घातला नाही. तिने मुलीच्या डोक्यावर टपली मारली. "मास्तर सांगतान त्ये शिक जरा," असं काहीतरी म्हणाली. मुलगी रडली नाही. ती माझ्याकडे बघत राहिली, मी चित्रात तिला अजून काही दाखवणार आहे अशी वाट पाहत.

संध्याकाळी मुख्याध्यापकांनी चौघांचे कागद मागितले. कोळणीच्या मुलीचं काय, असं त्यांनी मला विचारलं. पोरगी चुणचुणीत वाटली, व्हरांड्यात शिपायाला शाळेत किती खोल्या आहेत ते मोजून सांगत होती, असं तेच म्हणाले. म्हणजे तिच्यासाठी दार अजून उघडं होतं. मी काय सांगितलं ते शब्दशः आठवतं.

"चुणचुणीत आहे, पण क्रम लागत नाही. वर्गाबरोबर टिकणार नाही."

"तुमचं मत तेच ना? पत्रिका तुमची, तुम्हीच सांगा."

"तेच."

का, याचा विचार मी पुष्कळ वर्षं केला. चूक कबूल केली असती तर सगळ्यांचेच कागद पुन्हा तपासावे लागले असते, यादी हलली असती. हे एक कारण मी स्वतःला देत आलो. पण ते काम दोन तासांचं होतं. खरं कारण एवढंच की दोन दिवसांपूर्वी त्या पत्रिकेला खिडकीपाशी नेऊन एका मोठ्या माणसाने वाखाणलं होतं, आणि मासळीचा वास येणाऱ्या घरातल्या सहा वर्षांच्या मुलीने माझी चूक दाखवावी हे मला सोसवलं नाही.

पुढच्या वर्षी मी स्टेन्सिल नवी कापली. अर्ध्या सूर्याखालचं पाणी काढून टाकलं, दोन डोंगर काढले आणि डोंगराच्या पायथ्याशी घरातून बाहेर पडणारा माणूस. ज्येष्ठ बाईंनी विचारलं, "अहो, समुद्र कुठे गेला?" मी म्हणालो, लाटांच्या रेषांनी स्टेन्सिल फाटते. प्रशिक्षणातही हेच डोंगराचं चित्र दाखवून मी सांगितलं की चित्राचा एकच अर्थ निघायला हवा आणि पत्रिका वेगवेगळ्या वस्तीतल्या मुलांवर तपासून पाहावी. लोकांनी ते लिहून घेतलं. हे कुठे शिकलो, असं कुणी विचारलं नाही.

नव्या चित्राच्या त्या वर्षी कोळीवाड्यातून परीक्षेला एकही मूल आलं नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही नाही.

तीन वर्षांनी मी वर्सोव्याला गेलो. खरं काय ते सांगायचंच असं ठरवून गेलो होतो. घर शोधायला त्रास पडला नाही. आईने मला ओळखलं, ओटा पुसून चटई टाकली, चहा ठेवला. शेजारणींना तिने मी शाळेतला मास्तर असल्याचं अभिमानाने सांगितलं. मुलगी तिथेच बसून सुकट निवडत होती. शाळेची वेळ होती. मी चौकशी केली. महापालिकेच्या शाळेत घातली होती, या वर्षी काढली, असं आई म्हणाली.

"का काढलीत?"

"कशाला मास्तर? तुम्हीच बोललाव ना, हिला डोकं नाय म्हनून. मी म्हटलं, शिकलेला मानूस उगाच कशाला बोलंल. इथं हाताला काम तरी शिकंल."

मुलीने एकदा वर पाहिलं. ती मला ओळखत होती की नाही, सांगता येत नाही. तिच्यापुढे तीन ढीग होते, बारीक, मध्यम, जाड, आणि हात न थांबता चालत होता.

मी चहा घेतला. तोंडात आलेलं वाक्य चहाबरोबर गेलं. मी म्हणालो, परत घाला शाळेत, अजून वेळ गेलेली नाही. आई हसून म्हणाली, बघू. का घाला, ते मी सांगितलं नाही, आणि ते सांगितल्याशिवाय माझ्या त्या वाक्याला तिच्या लेखी काही किंमत नव्हती. तिच्याजवळ माझं आधीचं वाक्य होतं.

निघताना तिने वर्तमानपत्रात बांधून सुकवलेले सोडे दिले. मी नको म्हटलं, मग पैसे काढले. मास्तरांकडून पैसे कसे घ्यायचे, म्हणत तिने पुडी पिशवीत कोंबली. घरी बायकोने सोड्यांची खिचडी केली. उत्तम झाली होती. मी दोनदा वाढून घेतली.