बदलीची हजेरी

बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला असताना मी भोरमध्ये एका कामगार-कायदा सल्लागारांकडे अर्धवेळ काम करत होते. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मीच पहिली, त्यामुळे ऑफिस नावाची जागा कशी असते हेही मी तिथंच पाहिलं. आंबवड्याहून सकाळच्या एस.टी.ने यायचं, तास संपले की बाजारपेठेतल्या त्या माडीवर जायचं आणि रजिस्टरं उघडून बसायचं. सर फार बोलत नसत. चूक झाली तर ते पेन्सिलीने बारीक गोल करून कागद परत देत. त्या गोलांची मला शेवटपर्यंत भीती वाटत राहिली.

हायवेला कामथडीजवळ एक खाण्याचे पदार्थ पॅक करणारी कंपनी होती. तिथं कामगार पुरवणारा ठेकेदार आमच्याकडे यायचा. यायचा म्हणजे फोन करायचा. माणूस मी दोनदाच पाहिला. ठेकेदाराला दर सहा महिन्यांनी सरकारकडे एक विवरणपत्र भरावं लागतं. जानेवारी ते जूनचं जुलै संपायच्या आत गेलं पाहिजे. त्यात विचारतात की एका दिवशी जास्तीत जास्त किती माणसं कामावर होती, पुरुषांचे मनुष्यदिवस किती, बायकांचे किती, पगार किती वाटला, कपात किती केली, ओव्हरटाइम किती तास झाला. हे सगळं हजेरीपट आणि पगारपत्रक यांतून काढायचं असतं. एकेका नावाची ओळ धरायची, महिन्याची हजेरी मोजायची, ती पगारपत्रकातल्या दिवसांशी जुळते का बघायचं आणि मग दर महिन्याच्या कामगार विम्याच्या भरण्याशी ताडून पाहायचं. पहिल्या वेळी माझे दिवस जुळेनात. सव्वीस जानेवारी आणि एक मे या पगारी सुट्ट्या मी मनुष्यदिवसांत धरल्या होत्या. सरांनी गोल केला आणि सांगितलं की सुट्टीचा पगार मिळतो म्हणून तो दिवस विम्याच्या भरण्यात धरायचा, पण त्या दिवशी कुणी राबलेलं नसतं, म्हणून मनुष्यदिवसांत धरायचा नाही.

राबलेला दिवस आणि पगाराचा दिवस वेगळा असतो, हे मला तेव्हा कळलं.

त्या जुलैत पाऊस लागून राहिला होता. ठेकेदाराच्या मुकादमाने रजिस्टरं खताच्या पिशवीत गुंडाळून आणली. हा मुकादम वेल्ह्याकडचा. नसरापूर रस्त्याच्या आतल्या वाड्यांतून बायका गोळा करून टेम्पोने कंपनीत न्यायचा, संध्याकाळी परत सोडायचा आणि हजेरी तोच लिहायचा. त्याचं अक्षर चांगलं होतं. मी मोजायला बसले तेव्हाच सरांनी एक पत्र माझ्यापुढे ठेवलं. विम्याच्या शाखा कार्यालयातून आलं होतं. कामगारांपैकी एक बाई एप्रिलच्या शेवटी बाळंत झाली होती. तिने बाळंतपणाच्या रजेचे पैसे मागितले होते, सव्वीस आठवड्यांचे. ती अमुक तारखेपासून कामावर नव्हती आणि तिला पगार दिलेला नाही, एवढं ठेकेदाराने लिहून द्यायचं होतं. सर म्हणाले, तू हजेरी बघतेच आहेस, तारखा काढून ठेव.

मी तिची ओळ धरली. एप्रिलमध्ये सगळीकडे हजर. मेमध्ये हजर. जूनमध्ये तर ओव्हरटाइमही होता. ओळीखाली धरलेली पट्टी सरकली असेल म्हणून मी पुन्हा नावापासून सुरुवात केली. पगारपत्रकात तेच होतं, बँकेत पगार गेलेला होता, विम्याच्या भरण्यातही तिचे पूर्ण दिवस दाखवले होते. ज्या दिवशी ती बाळंत झाली म्हणून दवाखान्याचा दाखला होता, त्या दिवशीही ती कंपनीत हजर होती.

सरांना सांगायला मी बराच वेळ घेतला. चूक माझीच निघेल असं वाटत होतं. त्यांनी स्वतः तिन्ही कागद पाहिले, चष्मा काढून ठेवला आणि मुकादमाला फोन लावला.

मुकादम दुसऱ्या दिवशी आला. त्याने काही लपवलं नाही. त्याला लपवण्यासारखं काही वाटतच नव्हतं. तिकडच्या बायकांमध्ये बदलीची रीतच होती, असं तो म्हणाला. एखादीला लावणीला थांबावं लागलं, कुणाचं दुखलंखुपलं, तर घरातली दुसरी तिच्या पासवर जायची. आत डोक्याला टोपी आणि तोंडाला मास्क, गेटवरचा वॉचमन फोटो बघत नाही. हजेरी पासवरच्या नावाने लागायची, पगार त्या खात्यावर यायचा आणि घरात जी राबली तिला मिळायचा. टेम्पोतली जागा रिकामी राहिली की ठेकेदार दुसऱ्या गावची बाई घेतो, मग ती जागा परत मिळत नाही. या बाईच्या जागी तिची मोठी जाऊ जात होती.

“साहेब, जागा राखली तिनं,” तो म्हणाला. “वाईट काय केलं?”

सरांनी त्याला समजावून सांगितलं. रजेचे पैसे त्याच दिवसांचे मिळतात, ज्या दिवशी बाई कामावर नसते आणि पगार घेत नाही. इथं कागदावर ती रोज कामावर आहे, बाळंत झाली त्या दिवशीही; पुढच्या आठवड्यांचे पैसे मागितले तरी हीच हजेरी पुढे येणार. मुकादम ऐकत होता. हळूहळू त्याचा चेहरा उतरत गेला. मग तो विचारू लागला की एवढ्या एका बाईची हजेरी खोडता येईल का. सर म्हणाले, खोडली तर ती माल पॅक करणारी कोण होती हे लिहावं लागेल. तिचं नाव रजिस्टरात नाही, विमा नाही, पास नाही. एकीचं निघालं की बाकीच्या बदल्याही निघतील. कंपनी ठेका बंद करेल आणि तुझ्या टेम्पोतल्या सगळ्या बायका घरी बसतील. ठेकेदाराशी फोनवर बोलणं झालं. त्याचं म्हणणं दोन वाक्यांत संपलं. हजेरीपटात जे आहे त्यावर तो सही करणार, वेगळं काही लिहून देणार नाही.

चार दिवसांनी दोघी जावा आल्या. धाकटीच्या मांडीवर बाळ होतं, टॉवेलात गुंडाळलेलं. जिना चढताना तिला दम लागला होता. मोठी दाराशीच उभी राहिली, तिच्या ओल्या चपला बाहेर होत्या. सर कोर्टात गेले होते, म्हणून मीच त्यांना बसवलं. मोठीने मला पोरी म्हणून हाक मारली आणि थेट विचारलं.

“म्या लिवून देते. अंगठा देते. तितं मी व्हते, ही न्हवती. मंग तर देतील का न्हाई?”

मी म्हटलं, “मावशी, तुम्ही द्याल. पण ठेकेदाराची सही लागते, आणि ते देत नाहीत.”

“आन म्या कंपनीच्या साहेबाला सांगितलं तर?”

त्याने काय होईल हे तिला माझ्याआधी धाकटीने समजावलं होतं, असं नंतर लक्षात आलं. कारण धाकटीच मधे बोलली.

“आक्का, नगं आता. समद्या बायांचं कशाला घालवायचं?”

“तुजं गेलं ते?”

“गेलं तर गेलं.”

मग मोठी म्हणाली की गरोदरपणात हिला टेम्पोत हिसके बसतात म्हणून तिनेच हट्टाने हिला घरी बसवलं होतं. पास स्वतः मागून घेतला होता. हे ती मला सांगत होती, पण बघत धाकटीकडे होती. “मला कुनी आदी सांगितलं आसतं, तर मी पाऊल टाकलं नसतं,” ती म्हणाली. धाकटीने तिच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि बाळाला दुसऱ्या मांडीवर घेतलं.

खरं तर तिला आधी कुणी सांगायला हवं होतं, याचा मी बराच विचार केला. मुकादमाला नियम माहीत नव्हता. ठेकेदाराला माणसं कमी पडत नव्हती तोवर चौकशी करायची गरज नव्हती. दर महिन्याला विम्याचा भरणा आमच्याच ऑफिसातून जायचा, पण आमच्यापर्यंत नुसती नावं आणि दिवस यायचे.

सर आले तेव्हा त्यांनीही तेच सांगितलं, जरा जास्त सौम्यपणे. धाकटीने मागणी मागे घेण्याच्या अर्जावर सही केली. सही तिने नीट, जोडाक्षर न चुकवता केली. सातवी शिकलेली होती. मग तिने सरांना एकच विचारलं, आता उद्यापासून ती स्वतः कामावर आली तर काही अडचण आहे का. सर म्हणाले, कागदावर काही अडचण नाही, कागदावर तर तू कधी थांबलीच नाहीस. ते बोलून त्यांना स्वतःलाच कसंतरी झालं असावं, कारण त्यांनी लगेच पाण्याचा ग्लास तिच्यापुढे सरकवला.

ती उठताना माझ्याशी बोलली. बाळ अडीच महिन्यांचं होतं, अंगावर पीत होतं. मोठीला आता लावणी होती, शेताच्या बांधावर पावसात बाळ कुठं ठेवणार. कंपनीत बाळ ठेवायला काही असतं का, असं तिने विचारलं. तिने कुठून तरी ऐकलं होतं की असतं.

मी विचारून सांगते म्हटलं. दोघी जिना उतरल्या. मोठीने बाळ घेतलं होतं आणि धाकटीच्या डोक्यावर छत्री धरली होती, त्यामुळे ती स्वतः भिजत होती.

विवरणपत्र मी दोन दिवसांनी पूर्ण केलं. बायकांचे मनुष्यदिवस मी तीनदा मोजले. आकडा बरोबर होता. धाकटीच्या नावाचे दिवस मोठीने राबलेले होते, पण राबलेले होतेच, आणि दोघी बायकाच. बेरजेला त्याने काही फरक पडत नव्हता. कुणी तपासायला आलं असतं तरी आमचा कागद खरा ठरला असता.

शेवटच्या भागात सोयींची माहिती द्यायची असते. उपाहारगृह, विश्रांतीची खोली, पिण्याचं पाणी, पाळणाघर, प्रथमोपचार. मी पाळणाघरापाशी थांबले आणि सरांना विचारलं. ते म्हणाले, ठेकेदाराकडे वीस किंवा जास्त बायका असतील तरच ते द्यावं लागतं. हजेरीपटावर किती आहेत?

मी नावं मोजली. वीस होत नव्हती. बदलीवर येणाऱ्या धरल्या असत्या तर झाली असती का, असं मी विचारणार होते, पण बदलीवाली पासवालीच्या जागीच असते, तिच्याबरोबर नसते. एका वेळी कामावर तेवढ्याच. मी त्या रकान्यात ‘लागू नाही’ असं लिहिलं. सरांनी कागद वाचला. कुठंही गोल केला नाही.

संध्याकाळी मी मुकादमाला फोन करून तिच्यासाठी निरोप दिला की कंपनीत बाळ ठेवायची सोय नाही. तो म्हणाला, ती सकाळीच टेम्पोत बसून गेलीय.