चुकीचा वर्ग

माझ्या शेजारच्या वर्गात हिंदी शिकवणारे सर माधव नगरला राहतात, बोलतात कमी आणि खडू रुमालात गुंडाळून आणतात. नव्या मुलांच्या पहिल्या तासाला ते हजेरी घेत नाहीत, हे मला कधीच पटलं नव्हतं.

यंदा माझी हजेरी उरकून मी मुलांना टाइमटेबल उतरवायला लावलं आणि मधल्या दारात उभी राहिले. सर टेबल सोडून बाकांपाशी आले होते.

"नमस्ते. कॉलेज के पहले दिन मैं पूरा घंटा गलत क्लास में बैठा रहा. शर्म के मारे उठा ही नहीं. आज कौन बैठा है?"

वर्ग हसला. सर एकेका बाकावरून नजर फिरवत राहिले. बऱ्याच वेळानं मागून एक हात वर आला, मग शेजारचा.

"चलो, मैं अकेला नहीं था! बाकी सब बगलवाले से नाम-गाँव पूछो, फिर उसका परिचय तुम दोगे."

मागे गलका सुरू झाला. सर त्या दोघी मुलींना घेऊन माझ्याकडे आले.

"मॅडम, या तुमच्या."

मी रजिस्टर उघडलं. दोघींच्या नावापुढे मी मघाशीच गैरहजेरी लावली होती, मान वर न करता.