नवव्या खेपेचा तांबडा

वडिलांच्या रंगाच्या वहीचं एक पान भाचीने फोनमध्ये उतरवून घेतलं, तेव्हा ती वही आमच्या घरी येऊन आठवडा झाला होता. माझा भाऊ गेल्यावर त्याचं घर आवरताना ती वही भाचीला सापडली. कागद इतका वाळलेला, की पान उलटलं की कोपरा हातात येई. म्हणून तिने एकदाच फोटो काढला आणि वही जुन्या पातळात गुंडाळून माझ्याकडे दिली.

आम्ही रंगारी. आता कोणी रंगवत नाही. बाहेर पुडीचे तयार रंग आले तरी वडील देवळाच्या आणि लग्नाच्या कापडासाठी मंजिष्ठेचा तांबडा करत. तो रंग मी अकरा वर्षांची असेपर्यंत पाहिला, नंतर कारखाना बंद झाला. आईच्या अंगावर त्याच रंगाचं एक लुगडं होतं, ते तिच्याबरोबरच गेलं. कुंकवासारखा नाही, विटेसारखाही नाही. मला सांगता येत नाही. आईच्या ट्रंकेत मात्र एक कोरं सुती कापड राहिलं होतं, अर्ध्या किलोचं. ते एकदा त्या रंगात बघावं, एवढंच मनात होतं. कापड एकच, म्हणून चुकून चालणार नव्हतं.

मी चौथीपर्यंत शिकले, तेही कन्नड शाळेत. मराठी वाचायला मला वडिलांनी याच वहीवर शिकवलं. पण त्यांचं अक्षर मुंगीएवढं, पानावर उभ्या आडव्या रेघा, चौदा खेपांची मापं, समासात आडवंतिडवं लिहिलेलं, आणि माझ्या डोळ्यांत आता धूर. भाची मेटगळ्ळीतल्या एका कंपनीत नोकरीला आहे, शनिवारी येते. ती म्हणाली, "आत्या, फोनला विचारू. फोटो दिला की तोच वाचतो."

फोनने फोटो बघितला आणि उलट विचारलं, थोडक्यात सारांश हवा, सविस्तर टिपणं हवीत, की तक्ता?

"थोडक्यात. साकु, तेवढं पुरे," भाची म्हणाली. तिला सगळं थोडक्यात आवडतं.

आलं ते तीन ओळींचं. हे सुती कापड तांबडं रंगवण्याच्या चौदा खेपांचं टाचण आहे. हिरडा, तुरटी आणि मंजिष्ठ वापरली आहे. नववी खेप उत्तम ठरल्याची खूण आहे. खोटं त्यात काही नव्हतं. भाचीने ते बंगळुरूच्या चुलतभावाला पाठवलं, त्याला लगेच कळलं काय सापडलंय ते. त्याने हात जोडल्याचं चित्र पाठवलं. पण मी विचारलं, "हिरडा किती?" तर त्यात नव्हतं.

"मग तक्ता काढते. मापं आहेत ना, तक्ताच बरा, अल्वा?"

तक्ता फार देखणा आला. खेप, कापड, हिरडा, तुरटी, मंजिष्ठ, सगळं आपापल्या रकान्यात. वडिलांच्या हातून इतकं सरळ कधी झालं नव्हतं. भाचीने नवव्या खेपेवर बोट ठेवलं. कापड दहा शेर, हिरडा दोन, तुरटीच्या जागी एक आडवी रेघ, मंजिष्ठ पाच.

"शेर म्हणजे किती ग्राम?"

"नको ते," मी म्हटलं. "दहाला दोन, म्हणजे अर्ध्या किलोला शंभर ग्राम."

"अबब! आत्या, तू माझ्या मॅनेजरपेक्षा फास्ट आहेस."

मी हसले, पण ती रेघ मला टोचत होती. मनातलं मला पटकन बोलता येत नाही, आणि हे तर छापल्यासारखं समोर होतं. वाटलं, माझंच विसरणं असेल, पन्नास वर्षं झाली. त्या दिवशी आम्ही कापड उकळून धुतलं, हिरड्याच्या पाण्यात भिजवलं आणि गच्चीवर वाळत घातलं. पिवळसर दिसायला लागलं. तो वास आला आणि मी जिन्यातच जरा बसून राहिले. वडिलांच्या सदऱ्याला तो वास असे.

रविवारी सकाळी भाचीने तांब्याच्या पातेल्यात पाणी ठेवलं, मंजिष्ठेची पूड मोजली. अडीचशे ग्राम, तेवढीच मिळाली होती. ती पूड पाण्यात सोडणार, तोच मी पातेल्यावर हात आडवा धरला.

"काय झालं?"

"थांब. तुरटी राहिली."

"नवव्यात तुरटी नाहीच. हे बघ, रेघ आहे."

"तुरटीशिवाय तांबडा धरत नाही गं. एका धुण्यात जाईल."

"पण फोन म्हणतो..."

"फोनला काय ठाऊक?" माझा आवाज जरा मोठाच निघाला. भाचीने गॅस बंद केला. मी तिच्यावर कधी आवाज चढवला नव्हता.

मग मला सांगावंच लागलं. वडील पाटावर बसून लिहायचे आणि मी तराजूपाशी उभी राहून मापं वाचून दाखवायची. मी 'तुरटी' म्हटलं की ते विचारत, "कालच्याएवढीच?" मी हो म्हटलं की ते जागा कोरी सोडून पुढे जात. मी एकदा विचारलं होतं, तेव्हा म्हणाले, "जे बदललं नाही ते कशाला लिहायचं? शाई फुकट येते का?" त्यांच्या वहीत रिकामी जागा म्हणजे काही नाही, असं नव्हतं. रिकामी जागा म्हणजे वरच्यासारखंच. रंगाऱ्यांच्या घरात हे कोणी कोणाला सांगत नसे, कारण न कळणारं माणूस वही उघडतच नसे. फोनने रिकाम्या जागी रेघ ओढली. तक्त्यातली एकच ओळ उचलली की ती पूर्ण वाटते, पण वडिलांची नववी ओळ वरच्या आठ ओळींशिवाय अर्धीच होती.

भाचीने फोटो मोठा केला. आम्ही दोघींनी तुरटीचा रकाना वरून खाली बघत नेला. पहिल्या खेपेला दीड शेर. मग कोरं, कोरं. सहाव्याला दोन. मग नवव्यापर्यंत कोरं.

"म्हणजे दोन," भाची म्हणाली. "पहिलं बघितलं असतं तर दीड घातली असती. अय्यो."

तिने फोनला नीट सांगितलं, की रिकाम्या जागेत वरचं माप आणून घाल, पण आणलेलं माप वेगळ्या खुणेने दाखव, वहीत लिहिलेलं आणि तू भरलेलं मिसळू नकोस. दुसरा तक्ता आला. तो आम्ही फोटोशी एकेक जागा पडताळून बघितला. मापांसाठी तोच ठेवला.

"आता तरी सुरू करू?"

"आधी काय, मग काय, ते यात कुठंय?"

तक्त्यात ते नव्हतंच. तुरटी किती ते होतं, ती केव्हा आणि नंतर काय ते नव्हतं. मला पुसट आठवत होतं, पण एकाच कापडावर पुसट आठवणीने कसं जायचं? म्हणून शेवटी सविस्तर टिपणं मागितली. ती इतकी लांब आली की भाचीने कपाळाला हात लावला.

"हे कोण वाचणार?"

"मी वाचते."

ती परत गेली आणि फोन मला ठेवून गेली, तिच्याकडे कचेरीचा दुसरा होता. मी तीन दुपारी ते वाचलं, ओळीखाली बोट धरून. त्यात सगळं होतं. हिरड्यानंतर कडक ऊन. मग तुरटी, पुन्हा वाळवणं, आणि दोन दिवस तसंच राहू द्यायचं. नंतर सैल तुरटी निघून जाईपर्यंत धुवायचं. मंजिष्ठेचं पाणी हळूहळू तापवायचं, खळखळ उकळू द्यायचं नाही, उकळलं तर रंग तपकिरीकडे जातो. कापड सारखं हलवत ठेवायचं. जिथे अक्षर लागलं नाही तिथे फोनने तसं लिहिलं होतं, तिथे मी भिंग घेऊन फोटो बघितला.

आणि तिसऱ्या दुपारी, अगदी शेवटी, समासातल्या मजकुराखाली हे आलं: नववी खेप धाकटीने ढवळली. हात बरा आहे.

धाकटी म्हणजे मी.

मी ते पुन्हा वाचलं. मग फोटोत शोधलं. खाली कोपऱ्यात, फाटायला आलेल्या जागी, त्यांच्याच मुंगीएवढ्या अक्षरात होतं. वडिलांनी मला कधी बरी म्हटलेलं मला आठवत नाही. त्यांना कोणालाच म्हणता येत नसे, मी त्यांच्यावरच गेले. शाई फुकट येत नाही म्हणणाऱ्या माणसाने ते लिहिलं होतं. सारांशात ते नव्हतं, दोन्ही तक्त्यांत नव्हतं, आणि फोनचं काही चुकलं असंही नाही. रंग करायला त्याची गरज नव्हतीच. भाचीला मी ते सांगितलं नाही. तिने टिपणं वाचली तर तिला दिसेल. ती वाचणार नाही.

तुरटी शंभर ग्राम घातली. पुढच्या रविवारी रंगवलं. दीड तास मी ढवळत होते, भाचीला काठी दिली नाही. ती म्हणाली, "दे ना, खांदा दुखेल," तर म्हटलं, "बेड, नको." कापड बाहेर काढलं, धुतलं, पाणी स्वच्छ आलं. रंग धरला होता. गच्चीवर वाळलं तेव्हा शेजारच्या बायका बघायला आल्या, छान छान म्हणाल्या.

"हाच का तो?" भाचीने विचारलं.

"जवळचा आहे."

"म्हणजे नाही."

नव्हता. यात जरा नारिंगी झाक होती, आईच्या लुगड्यात ती नव्हती. निदान मला तरी तसं आठवतं, आणि खरं-खोटं करायला ते लुगडं बघितलेलं दुसरं माणूस आता नाही. आम्ही पुन्हा टिपणं काढली, तक्ता काढला, वही हळूच उघडून बघितली. मापं बरोबर, उष्णता बरोबर, दिवस बरोबर.

"पाणी कुठलं होतं तुमचं?" भाचीने सहज विचारलं.

कारखान्यामागे विहीर होती. जड पाणी, डाळ लवकर शिजत नसे, आई वैतागायची. वडिलांनी पाणी कुठल्याच पानावर लिहिलं नाही, कारण दुसरं पाणी नव्हतंच. जे लिहिलंच नाही ते फोन कुठल्या रूपात देणार? आम्ही नळाचं वापरलं होतं. ती विहीर बुजवून वर आता दुकानं आहेत.

पण तीच पाण्याची शीर पुढच्या गल्लीत एका घराच्या विहिरीला आहे म्हणतात. ते घर मी रोज बघते, आतल्या माणसांशी कधी बोलले नाही. मुठीएवढी मंजिष्ठ भाचीने दुकानदाराकडून पुन्हा मिळवली, आणि तिच्या जुन्या सुती ओढणीचा तुकडा आहे. पाण्याने लाल बदलतो का, ते त्याच्यावर कळेल. काल मी कळशी घेऊन त्या घरापर्यंत गेले, फाटकाला हात लावला आणि परत आले. आज पुन्हा गेले. एका बाईने दार उघडलं आणि कन्नडमध्ये विचारलं, काय हवंय?

मी म्हटलं, "नीरु." आणि मग इतक्या वर्षांत कोणा परक्याला सांगितलं नव्हतं तेवढं सगळं तिला सांगत उभी राहिले.